पुराणकथांच्या प्रश्नमंजुषेचं प्रास्ताविक: तीन मिनिटांचं भाषण कसं तयार कराल

शाळेत ग्रीक देवदेवता आणि वीरांवर प्रश्नमंजुषेची संध्याकाळ ठरलेली असते. संघ ठरतात, बझर भाड्यानं आणले जातात, आणि मग आदल्या आठवड्यात कोणीतरी तुम्हाला म्हणतं, "सुरुवातीला दोन शब्द तुम्ही बोला." तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल किंवा नववीतले विद्यार्थीही असाल. हे दोन शब्द नेमके कशाबद्दल असावेत हे मात्र कोणी सांगत नाही. मग बहुतेक जण "पुराणकथा म्हणजे मानवी संस्कृतीचा अमूल्य ठेवा" असं काहीतरी लिहून आणतात, मुलं बझरकडे बघत बसतात आणि टाळ्या भाषण संपल्याबद्दल पडतात.

अशा कार्यक्रमांची प्रास्ताविकं मी बरीच लिहिली आहेत, इतरांची तपासूनही दिली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. या विषयाच्या प्रास्ताविकाला एक खरं काम असतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या प्रश्नमंजुषेत इतकं निकडीचं नसतं. एकाच कथेची चार रूपं असतात, त्यामुळे आज कोणतं रूप धरायचं हे पहिल्या प्रश्नाआधी सगळ्यांच्या कानावर पडायला हवं. ते रूक्ष नियमासारखं न सांगता कथेतूनच कसं सांगायचं, हे पुढे एक पूर्ण नमुना घेऊन दाखवतो.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- प्रश्नांची अंतिम यादी, उत्तरांसकट
- कार्यक्रमपत्रिका: दीपप्रज्वलन, स्वागत, पाहुण्यांचा परिचय कोण करणार आणि कोणत्या क्रमानं
- प्रश्न ज्या पुस्तकावरून काढले ते पुस्तक, किंवा निदान त्याचं नाव
- पोस्टकार्डाएवढी चार-पाच जाड कार्डं आणि ठळक शाईचं पेन
- वेळ मोजायला मोबाइल

१. आधी प्रश्नांची यादी मागा

क्विझमास्टर यादी द्यायला कचरतील, आणि ते बरोबरच आहे. तुमचं मूल स्पर्धेत असेल तर यादी मागूच नका. क्विझमास्टरांना तुमचा मसुदा तपासायला द्या. तुम्ही तटस्थ असाल तर मात्र यादी बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

कारण सरळ आहे. ग्रीक कथा सांगायला गेलं की नावं आणि आकडे आपोआप तोंडात येतात, आणि प्रश्नमंजुषेत नेमकं तेच विचारलेलं असतं. भाषणात तुम्ही "झ्यूसचा भाऊ पोसायडन, समुद्राचा देव" असं सहज म्हणून जाता आणि पहिल्या फेरीतला तिसरा प्रश्न तिथेच फुटतो. मसुदा झाला की त्यातलं प्रत्येक विशेषनाम आणि प्रत्येक आकडा अधोरेखित करा, आणि यादीतल्या उत्तरांशी एकेक ताडून बघा. जे जुळेल ते भाषणातून काढा. ते काढल्यावर कथा लंगडी होत असेल तर क्विझमास्टरांना सांगून प्रश्न बदलून घ्या. हे दोन दिवस आधी करा, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे.

मंचामागच्या सजावटीकडेही एकदा बघून घ्या. कलाशिक्षक हौसेनं त्रिशूळ, घुबड, पंखांचे जोडे असं सगळं रंगवतात आणि खाली नावंही लिहितात. "अथीनाचा पक्षी कोणता?" हा प्रश्न असेल तर घुबड झाकावं लागेल.

२. भाषण किती मोठं?

तीन मिनिटं, त्यावर नाही. मराठीत सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे लिखित मसुदा साडेतीनशे शब्दांच्या आत हवा. शब्द मोजून थांबू नका, मोठ्यानं वाचून वेळ लावा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी छोटं वाटतं.

या तीन मिनिटांतली जवळजवळ दोन एका कथेला द्या. उरलेल्या वेळेत स्वागत, नियमांची दोन-तीन वाक्यं आणि क्विझमास्टरांच्या हाती कार्यक्रम सोपवणं बसतं. पाहुण्यांचा परिचय, प्रायोजकांचे आभार, शाळेचा इतिहास ही कामं सूत्रसंचालकाची किंवा आभार मानणाऱ्याची. "जाता जाता हेही सांगून टाका" म्हणून ती तुमच्याकडे सरकवली जातील. कार्यक्रमपत्रिका हातात असेल तर नम्रपणे परत सरकवता येतात.

३. एकच कथा निवडा, आणि प्रश्नमंजुषेला लागू पडेल अशी निवडा

नवशिके इथे सगळ्यात जास्त अडखळतात. ट्रोजन युद्ध, ऑलिम्पसवरचे देव, मेडूसा, मायनोटॉर, सगळ्यांना एकेक वाक्य द्यावंसं वाटतं. त्यानं भाषण म्हणजे अनुक्रमणिका होते. एकच कथा घ्या आणि ती अशी घ्या की तिच्यातलं काहीतरी त्या संध्याकाळच्या खेळाशी थेट जोडता येईल.

मला यासाठी हेराक्लीसची लर्नाची कथा सगळ्यात योग्य वाटते. हेराक्लीस म्हणजेच रोमनांचा हर्क्युलीस. त्याच्या बारा कामगिऱ्या सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण मुळात कामं दहाच ठरली होती आणि त्यातली दोन ती नेमून देणाऱ्या राजानं बाद केली, हे फार कमी जणांना माहीत असतं. हायड्रा या अनेक डोक्यांच्या पाणसर्पाला मारताना हेराक्लीसनं पुतण्याची मदत घेतली, म्हणून ते काम धरलं नाही. ऑजियस राजाचा गोठा साफ करताना त्यानं गुरांचा दहावा हिस्सा मोबदला म्हणून ठरवला होता, म्हणून तेही धरलं नाही. म्हणजे या कथेतच एक परीक्षक आहे, नियम आहेत आणि बाद झालेली उत्तरं आहेत. "प्रेक्षकांतून कोणी उत्तर सांगू नये" ही सूचना तुम्हाला वेगळी द्यावीच लागत नाही.

कथा निवडताना समोर कोण बसलंय तेही बघा. हेराक्लीसला ही कामं का करावी लागली? हेरा देवीनं त्याला वेड लावलं आणि त्या भरात त्यानं स्वतःच्याच मुलांना मारलं, म्हणून. पाचवी-सहावीची मुलं आणि त्यांची धाकटी भावंडं पुढच्या रांगेत असताना हे सांगायची गरज नाही. "त्याच्या हातून एक मोठा अपराध घडला होता, त्याचं हे प्रायश्चित्त होतं" एवढं वाक्य खरंही आहे आणि पुरेसंही. झ्यूसच्या प्रेमप्रकरणांनाही हेच लागू. तो धागा ओढल्याशिवाय जी कथा उभीच राहत नाही, ती या मंचासाठी घेऊ नका.

४. आज कोणती कथा प्रमाण, हे भाषणातच जाहीर करा

इथे थोडं थांबतो, कारण संध्याकाळ बिघडते ती याच ठिकाणी.

समजा प्रश्न आला: हेराक्लीसची शेवटची कामगिरी कोणती? अपोलोडोरसच्या नावावर असलेला ग्रीक कथासंग्रह धरला तर उत्तर येतं पाताळाच्या दारावरचा कुत्रा सर्बेरस. डायोडोरस हा सिसिलीचा इतिहासकार मात्र सर्बेरसला अकरावा क्रमांक देतो आणि शेवटी ठेवतो हेस्पेरिडी नावाच्या अप्सरांची सोन्याची सफरचंदं. दोन्ही लेखक प्राचीन. एका मुलानं एका पुस्तकात वाचलं, दुसऱ्यानं दुसऱ्यात, आणि दोघंही प्रामाणिकपणे बरोबर. गुण कोणाला द्यायचे?

ऑलिम्पसवरच्या बारा देवांचंही तसंच. काही याद्यांत बारावी जागा चुलीची देवी हेस्तियाला आहे, काहींत मद्याचा देव डायोनायससला. अथेन्सच्या पार्थेनॉनवरच्या शिल्पपट्टीत बसलेल्या देवांत डायोनायसस दिसतो. मेडूसा ग्रीक कवी हीसिओडकडे जन्मापासूनच गॉर्गन, म्हणजे भयंकर राक्षसी आहे. रोमन कवी ओव्हिडकडे ती आधी सुंदर तरुणी असते आणि शापानं तशी होते. आणि हा सापळा तर हमखास असतो: "इलियडनुसार अकिलिसचा मृत्यू कसा झाला?" इलियडमध्ये अकिलिस मरतच नाही. ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी संपतं. टाचेची कथा होमरनं सांगितलेलीच नाही, लाकडी घोड्याचा उल्लेखही ओडिसीत येतो, इलियडमध्ये नाही.

एका आंतरशालेय स्पर्धेत अशाच एका प्रश्नावर पालक मंचापाशी आलेले मी पाहिले आहेत. हातात मोबाइल, मोबाइलवर उघडलेलं पान, आणि पान खोटं नव्हतं. परीक्षकांकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण कशावरून गुण द्यायचे हे आधी कोणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून क्विझमास्टरांबरोबर बसून तीन गोष्टी लिखित ठरवा. पहिली, वाद झाला तर कोणतं पुस्तक उघडायचं. दुसरी, ग्रीक आणि रोमन दोन्ही नावं चालतील का. झ्यूसला ज्युपिटर, ओडिसियसला युलिसिस म्हटलं तर गुण मिळतील का. माझं मत विचाराल तर चालू द्यावीत, कारण मुलं पुस्तकांतून आणि चित्रपटांतून दोन्ही नावं सरमिसळ ऐकत असतात. तिसरी, अंतिम निर्णय कोणाचा. या तिन्ही गोष्टी तुमच्या भाषणात एकेका वाक्यात यायला हव्यात. पुस्तक निवडलं म्हणजे बाकीच्या कथा खोट्या ठरल्या असा सूर लावू नका. एखाद्या मुलीनं ओव्हिड वाचून मेडूसा ओळखली असेल, तर तिचं वाचन चुकलेलं नाही. फक्त आज गुण दुसऱ्या पुस्तकावर आहेत.

५. प्रश्नांत रामायण-महाभारतही असेल तर

मग दोन गोष्टींची जास्त काळजी घ्या. एक, प्रचलित कथा आणि संहिता यांतलं अंतर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. गणपतीनं व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहून घेतल्याची कथा तिच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात नाही. पण सभागृहातल्या प्रत्येक आजीला या दोन्ही कथा माहीत आहेत आणि त्यांनी त्या नातवंडांना सांगितल्या आहेत. त्यामुळे अशा प्रश्नाला "प्रचलित कथेनुसार" किंवा "वाल्मीकी रामायणानुसार" असं स्पष्ट जोडलेलं हवं, आणि प्रश्न वाचताना हे शब्द गिळले जाणार नाहीत असं तुम्ही भाषणातच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट सुराची. झ्यूसची आज कोणी घरी पूजा करत नाही, कृष्णाची करतात. दोघांना एका वाक्यात बसवून तुलना करू नका, कोण श्रेष्ठ हे तर अजिबात नको. "मिथक", "काल्पनिक" असे शब्दही या मंचावर टाळा. "कथा" म्हटलं की सगळ्यांना पुरतं.

६. नमुना भाषण

इथे प्रश्नमंजुषा फक्त ग्रीक कथांवर आहे असं धरलं आहे. प्रश्नांच्या यादीत पुतण्याचं नाव, राजाचं नाव आणि सर्पाच्या डोक्यांची संख्या ही तीन उत्तरं होती, म्हणून ती भाषणात कुठेही नाहीत. "हेराक्लीसच्या कामगिऱ्या किती?" हा प्रश्न मात्र यादीतून काढून घेतला, कारण बारा हा आकडा कथेला हवाच होता.

> नमस्कार. मुख्याध्यापिका बाई, आजचे पाहुणे, शिक्षक, पालक, आणि मंचावरच्या सहाही संघांनो, तुमचं स्वागत.
>
> ग्रीसमध्ये लर्ना नावाच्या ठिकाणी एक दलदल होती. त्या दलदलीत एक पाणसर्प होता, अनेक डोक्यांचा. तो बाहेर यायचा आणि गुरं मारायचा. हेराक्लीसला राजाचा हुकूम झाला, त्याला मारून ये.
>
> हेराक्लीसनं पेटते बाण सोडून त्याला बिळातून बाहेर काढलं आणि गदेनं एक डोकं फोडलं. त्या जागी दोन उगवली. दुसरं फोडलं, आणखी दोन. त्यात एक भलामोठा खेकडा येऊन त्याच्या पायाला डसला. तेव्हा त्यानं पुतण्याला हाक मारली. पुतण्यानं जवळच्या रानाचा एक भाग पेटवला आणि जळती लाकडं घेऊन आला. काकानं डोकं उडवलं की पुतण्या त्या मानेला डाग द्यायचा. मग नवं डोकं फुटेना. एक डोकं अमर होतं. ते कापून रस्त्याकडेला पुरलं आणि वर मोठा दगड ठेवला.
>
> सर्प मेला. हेराक्लीस परत आला. आणि राजा म्हणाला, "हे काम मी धरत नाही. तू एकट्यानं केलं नाहीस."
>
> पुढे त्यानं दोन नद्यांचं पाणी वळवून एक भला मोठा गोठा एका दिवसात धुऊन काढला. राजा म्हणाला, "हेही बाद. तू मोबदला ठरवला होतास." दहा कामं करायची होती. दोन बाद झाली, म्हणून बारा करावी लागली.
>
> आज आपला नियम त्या राजासारखाच कडक आहे. उत्तर संघानं द्यायचं. प्रेक्षकांतून एकाही काका-काकूंचा आवाज आला, तर तो प्रश्न बाद.
>
> या कथा ग्रीकांनीही वेगवेगळ्या सांगितल्या. तुम्ही वेगळी वाचली असेल तर ती चुकीची नाही. आज मात्र अपोलोडोरसच्या संग्रहातली कथा प्रमाण धरू. ग्रीक नाव सांगा की रोमन, दोन्हींना गुण आहेत. शंका आली तर संघानं हात वर करायचा, क्विझमास्टर पुस्तक उघडतील आणि त्यांचा निर्णय शेवटचा.
>
> पहिली फेरी देवांची. क्विझमास्टर, मंच तुमचा.

साधारण सव्वादोनशे शब्द आहेत. कथेच्या जागी थांबत बोललात तर तीन मिनिटं आरामात भरतात. काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत, त्या लक्षात घ्या. वाक्यं छोटी आहेत, कारण शाळेच्या सभागृहात आवाज घुमतो आणि लांब वाक्याचं शेपूट ऐकू येत नाही. "खेकडा" ठेवला आहे, कारण लहान मुलं तिथे हमखास पुढे सरकून ऐकतात. आणि राजाचं वाक्य राजाच्या तोंडचं आहे. तिथे आवाज बदला, थोडा खाली आणा. "हे काम मी धरत नाही" म्हटल्यावर एक पूर्ण श्वास थांबा. मुलांना हा अन्याय लगेच कळतो, काही जण मोठ्यानं "का?" म्हणतात. म्हणू द्या.

७. नावं तोंडात बसवा

ग्रीक नावं कागदावर सोपी दिसतात आणि माइकसमोर अडकतात. कार्डावर ती तोडून लिहा: हे-रा-क्लीस, अ-पो-लो-डो-रस. मराठी लेखनात एकाच नावाची दोन-तीन रूपं आढळतात. अकिलिस, अकिलीज, अखिलेस. यात शुद्ध-अशुद्ध काढत बसू नका, पण भाषणात आणि प्रश्नपत्रिकेत एकच रूप ठेवा. तुम्ही "हेराक्लीस" म्हणालात आणि दहा मिनिटांनी क्विझमास्टर "हर्क्युलीस" म्हणाले, तर सहावीतल्या मुलाला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. नमुन्यात दोन्ही नावं चालतील असं सांगितलं आहेच. तुमच्या श्रोत्यांत लहान मुलं जास्त असतील तर हेराक्लीसचं नाव पहिल्यांदा घेताना "म्हणजे आपला ओळखीचा हर्क्युलीस" एवढं जोडा. मात्र त्याआधी हीच जोडी प्रश्नांत विचारलेली नाही याची खात्री करा.

पाहुण्यांचं आणि मुख्याध्यापकांचं नाव घेणार असाल तर तेही कार्डावर लिहा, कितीही पाठ असलं तरी.

८. मंचावर

बझरची चाचणी तुमच्या भाषणाआधी होऊन जाऊ द्या आणि मग बझर बंद करायला सांगा. बझर चालू असला की एखादं मूल भाषणाच्या मधोमध तो दाबतंच. माइक हातात धरावा लागणार असेल तर कार्डं एकाच हातानं उलटता यायला हवीत, म्हणून कागद नको. कार्डांना क्रमांक घाला. नियमांचं कार्ड वेगळ्या रंगाचं ठेवा, आणि ते वाचूनच दाखवा. कथा पाठ म्हणा, नियम वाचून दाखवा; नियमात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तासाभरानं तोच तुमच्यासमोर येतो.

भाषण संपलं की ते रंगीत कार्ड क्विझमास्टरांच्या टेबलावर, प्रमाण धरलेल्या पुस्तकाशेजारी ठेवा. गुणलेखकाकडे त्याची एक प्रत असू द्या.

९. वेळच उरला नाही तर

पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलन लांबतं आणि सूत्रसंचालक कानाशी येऊन म्हणतात, "एका मिनिटात आटपा." यासाठी एक छोटी आवृत्ती आधीच वेगळ्या कार्डावर तयार ठेवा. तिच्यातून खेकडा, पेटते बाण आणि गोठा जातो. उरतं एवढंच: एक पाणसर्प, डोकं फोडलं की दोन उगवणारा, पुतण्याची मदत, राजाचं "हे काम मी धरत नाही", आणि त्यानंतर नियम, पूर्णच्या पूर्ण. स्वागतातली नावं कमी करा, "उपस्थित सर्वांचं स्वागत" म्हणा, पण कोणतं पुस्तक प्रमाण आणि निर्णय कोणाचा ही वाक्यं कोणाच्याही सांगण्यावरून गाळू नका. तेवढंही बोलायला मिळालं नाही, तर कार्ड थेट क्विझमास्टरांच्या हातात द्या आणि पहिला प्रश्न विचारण्याआधी ते वाचून दाखवायला सांगा.